रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यावर विमा कंपनीला पहिली सूचना : किती वाजेपर्यंत द्यायची आणि त्यात काय लिहायचं?

बेळगाव : कारखान्याचा किंवा पेढीचा सर्व्हर लॉक झाला आणि स्क्रीनवर पैसे मागणारा मजकूर आला की पहिला फोन जातो तो कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला. दुसरा जातो सीएला. विमा कंपनीची आठवण बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी होते, तीसुद्धा नुकसानीचा आकडा काढायला बसल्यावर. सायबर विमा घेतलेल्यांचं खरं नुकसान इथंच होतं. कारण या पॉलिसीतलं घड्याळ हल्ला लक्षात आला त्या मिनिटापासून चालू होतं. नुकसान मोजून होईपर्यंत ते कुणासाठी थांबत नाही.

आग, चोरी, वाहन अपघात यांच्या विम्याची उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या उद्योजकांना चांगली सवय आहे. सर्व्हेअर येतो, फोटो काढतो, बिलं मागतो. सायबर विम्यातही सर्व्हेअर येतो, पण तोपर्यंत आपण काय केलं, कुणाला विचारून केलं आणि किती वाजता केलं, यावर क्लेमचं बरंच काही ठरून गेलेलं असतं. म्हणून विमा कंपनीला जाणाऱ्या पहिल्या सूचनेत ‘आतापर्यंत उचललेली पावलं’ हा भाग सर्वात महत्त्वाचा. तो कसा लिहायचा, हे एका नमुना उदाहरणातून पाहू.

सूचना वेगळी, क्लेम वेगळा

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. ‘सगळी कागदपत्रं जमली की कळवू’ असं अनेकजण म्हणतात. पण पॉलिसीला पहिल्या टप्प्यात कागदपत्रं नको असतात. तिला हवी असते ती फक्त सूचना, म्हणजे काहीतरी घडलं आहे, ते अमुक वेळी लक्षात आलं आणि आम्ही हे हे केलं आहे, एवढंच. नुकसानीचा आकडा, बिलं, तज्ज्ञाचा अहवाल हे सगळं नंतर. आकडा माहीत नसेल तर ‘नुकसानीचा अंदाज अद्याप नाही’ असं लिहून दिलेली सूचनाही पूर्ण सूचनाच असते.

ही मुदत प्रत्येक पॉलिसीत वेगळी असते. काही पॉलिसींत ‘शक्य तितक्या लवकर’ एवढंच लिहिलेलं असतं, काहींत तास किंवा दिवस ठरवून दिलेले असतात. त्यामुळे शेजारच्या कारखान्याला किती मुदत होती, याचा उपयोग नाही. आपल्या पॉलिसीतलं सूचनेचं कलम काढून बघायचं. गंमत अशी की ती पॉलिसी पीडीएफ करून त्याच सर्व्हरवर ठेवलेली असते, जो आता लॉक आहे. पॉलिसीची छापील प्रत आणि हॉटलाइनचा नंबर ऑफिसच्या कपाटात असणं, ही यातली सर्वात स्वस्त तयारी.

उदाहरण : मार्चअखेरचा रविवार

समजा, एक फौंड्री आणि मशीन शॉप आहे. साठेक कामगार. अकौंट्स विभागात एक सर्व्हर, त्यावर टॅली, ग्राहकांची ड्रॉइंग, सीएनसीचे प्रोग्राम आणि कामगारांच्या पगाराची माहिती. सायबर पॉलिसी २ कोटींची आहे, मुदत १ एप्रिल ते ३१ मार्च. अटी अशा : घटना लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवणं, प्रत्येक क्लेममधले पहिले ३ लाख रुपये मालकाचे, आणि धंदा बंद पडल्याच्या नुकसानीत पहिले १२ तास धरायचे नाहीत.

मार्चअखेरचा माल पाठवायचा म्हणून रविवारी, २९ मार्चला शिफ्ट चालू आहे. सकाळी ७.१० ला डिस्पॅचचा सुपरवायझर मालकांना फोन करतो, “मालक, चलन निघेना झालंय. टॅली उघडत नाही, आणि स्क्रीनवर इंग्लिशमध्ये कायतरी पैशाचं लिहून आलंय.” मालक येऊन बघतात तर टॅलीच्या फोल्डरमधल्या `Company.1800` या फाइलचं नाव `Company.1800.locked` झालेलं. ड्रॉइंगचीही तीच गत. प्रत्येक फोल्डरमध्ये `README.txt` नावाची चिठ्ठी.

आता घड्याळं मोजू. ७२ तासांची मुदत संपते बुधवारी, १ एप्रिलला सकाळी ७.१० ला. वरवर बघता तीन दिवस हातात आहेत. पण पॉलिसी संपते मंगळवारी ३१ मार्चच्या मध्यरात्री. सायबर पॉलिसी सहसा अशा बांधणीची असते की घटना पॉलिसीच्या काळात लक्षात यायला हवी आणि त्याच काळात कळवायलाही हवी. काही पॉलिसी मुदत संपल्यानंतर सूचनेसाठी आणखी काही दिवस देतात, पण ते कलम आहे की नाही हे पॉलिसी वाचल्यावरच कळतं. नवीन वर्षाची पॉलिसी या नुकसानीला उपयोगी पडत नाही, कारण ती सुरू होण्याआधीच माहीत असलेली घटना तीत धरत नाहीत. म्हणजे खरी मुदत १ एप्रिलच्या सकाळची धरायचीच नाही, ३१ मार्चच्या आतली धरायची. शहाणपण त्याहून पुढं जाऊन रविवारीच कळवण्यात आहे.

याच दिवसांत आणखी एक सापळा असतो. नूतनीकरणाचा प्रस्ताव अर्ज बहुधा मार्चअखेरच सहीला येतो. त्यात ‘गेल्या काही वर्षांत सायबर घटना घडली आहे का’ असा प्रश्न असतो. गेल्या वर्षीचा अर्ज समोर ठेवून अकौंटंटने सोमवारी ‘नाही’ लिहिलं आणि मालकांनी न वाचता सही केली, तर नवीन पॉलिसीसुद्धा अडचणीत येते. रविवारी सकाळनंतर सही होणाऱ्या कुठल्याही अर्जात ही घटना लिहायलाच हवी.

सूचना जाईपर्यंत काय करायचं, काय नाही

विमा कंपनी पावलांची यादी मागते त्यामागं तीन कारणं आहेत. पहिलं, नुकसान वाढू नये म्हणून तुम्ही वाजवी काळजी घेतली का? दुसरं, पुरावा जपला का? तिसरं, तिची संमती न घेता मोठा खर्च केला का, किंवा हल्लेखोरांशी काही ठरवलं का? प्रत्येक पाऊल या तीन प्रश्नांवर तपासून बघितलं की काय करायचं ते आपोआप समजतं.

नुकसान थांबवण्यासाठी परवानगीची वाट बघायची नाही. सर्व्हरची लॅन केबल काढणं, वायफाय बंद करणं, इंटरनेटची लाइन काढणं, बॅकअपची बाहेरची डिस्क सोडवून बाजूला ठेवणं, ही कामं पहिल्या दहा मिनिटांत व्हायला हवीत. ती केली नाहीत आणि तासाभरात आणखी चार कॉम्प्युटर लॉक झाले, तर ‘काळजी घेतली नाही’ असा आक्षेप येऊ शकतो.

मात्र केबल काढणं वेगळं आणि मशीन बंद करणं वेगळं. सर्व्हर बंद केला की त्याच्या चालू मेमरीतली माहिती पुसली जाते. कुठला प्रोग्राम चालू होता, बाहेर कुठं जोडला गेला होता, याचे धागे तिथंच सापडतात. म्हणून नेटवर्कपासून तोडून चालू ठेवणं बरं. फाइली डोळ्यांदेखत लॉक होत चालल्या असतील आणि केबल काढूनही थांबत नसेल, तरच वीज तोडायची. तसं केलं तर वेळ आणि कारण लिहून ठेवायचं.

सर्वात मोठी चूक होते ती फॉरमॅटची. ओळखीचा इंजिनिअर येतो आणि म्हणतो, “साहेब, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळपर्यंत सगळं चालू.” मार्चअखेरला हे बोलणं गोड वाटतं. पण फॉरमॅट झालेल्या डिस्कवर हल्लेखोर कुठून शिरला, किती दिवस आत होता आणि डेटा बाहेर गेला का, हे शोधायला काही उरत नाही. विंडोजच्या सुरक्षा लॉगमध्ये चुकलेले लॉगिन ४६२५ या क्रमांकाखाली आणि यशस्वी लॉगिन ४६२४ खाली नोंदले जातात. मध्यरात्री शेकडो ४६२५ आणि मग एक ४६२४ दिसला, तर पासवर्ड अंदाजानं फोडला असं समजतं. फॉरमॅटनंतर हा पुरावाच नाही. मग क्लेमच्या वेळी ‘रॅन्समवेअरच होतं की डिस्क खराब झाली होती’ या प्रश्नालाही उत्तर देता येत नाही. लवकर चालू करायचंच असेल तर नवीन डिस्क घालावी आणि जुनी सीलबंद करून ठेवावी.

चिठ्ठीतल्या पत्त्यावर उत्तर पाठवणं, ‘किती घेणार’ विचारणं, ‘नमुन्याला एक फाइल उघडून दाखवा’ म्हणणं, यातलं काहीही विमा कंपनीच्या लेखी संमतीआधी करायचं नाही. खंडणीचं संरक्षण ज्या पॉलिसीत असतं, तिथं ते पूर्वसंमतीच्या अटीवरच असतं. तीच गोष्ट महागड्या डेटा रिकव्हरीची. बहुतेक कंपन्यांची तज्ज्ञांची स्वतःची यादी असते आणि हॉटलाइनवरून त्यांच्यातलाच माणूस जोडून दिला जातो. बाहेरचा माणूस नेमला तर बिल अडकू शकतं. काही पॉलिसींत पहिल्या दोन-तीन दिवसांच्या तातडीच्या खर्चाला ठराविक रकमेपर्यंत संमती लागत नाही. तेही कलम आधी बघून ठेवावं.

सहा तासांचं सरकारी घड्याळ

विम्याच्या मुदतीबरोबर एक सरकारी मुदतही चालू असते. सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला दिलेल्या निर्देशांनुसार रॅन्समवेअरसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं बंधनकारक आहे. लघुउद्योगांना हे निर्देश २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाले. कळवण्याचा पत्ता `incident@cert-in.org.in` असा आहे. हाताशी असलेली माहिती सहा तासांत द्यायची, बाकीची नंतर पाठवता येते. आपल्या उदाहरणात ही मुदत रविवारी दुपारी १.१० ला संपते. पोलीस तक्रार `cybercrime.gov.in` वर करता येते, किंवा जिल्ह्याच्या सीईएन पोलीस ठाण्यात.

विमा कंपनीच्या सूचनेत या दोन्हींची वेळ आणि पोच क्रमांक लिहावा. तीन ठिकाणी गेलेल्या कागदांत घटना लक्षात आल्याची वेळ एकच हवी. सर्ट-इनला ‘रविवारी सकाळी’, पोलिसांना ‘शनिवारी रात्री’ आणि विमा कंपनीला ‘सोमवारी’ असं गेलं, तर पहिली शंका तिथंच निघते.

वेळ दोन प्रकारची

इथं एक बारीक पण पैशाची गोष्ट आहे. घटना घडल्याची वेळ आणि ती लक्षात आल्याची वेळ या दोन वेगळ्या. लॉक झालेल्या फाइलींवर बदल झाल्याची वेळ शनिवारी रात्री ११.४८ दिसत असेल, तर ती घडल्याची वेळ असू शकते. पण तज्ज्ञाने तपासल्याशिवाय ती ठामपणे लिहायची नाही. लक्षात आल्याची वेळ मात्र पक्की आहे : रविवार सकाळी ७.१०. सुपरवायझरच्या फोनच्या कॉल नोंदीत ती दिसते.

‘रविवार म्हणजे सुट्टीच, सोमवार सकाळी ८ लिहू’ असं अकौंटंटने ठरवलं तर काय होतं, ते आकड्यात बघू. समजा, धंदा बंद पडल्याने दिवसाला १ लाख २० हजारांचा नफा बुडतो, आणि शनिवारी, ४ एप्रिलला सकाळी ७.१० ला काम पूर्ववत होतं. रविवारपासून मोजलं तर बंद काळ १४४ तास. पहिले १२ तास वगळून १३२ तास, म्हणजे साडेपाच दिवस. नुकसान ६ लाख ६० हजार. सोमवार सकाळपासून मोजलं तर जवळजवळ २५ तास कमी होतात आणि सव्वा लाख रुपये हातचे जातात. शिवाय कॉल नोंदीत रविवार दिसत असताना सूचनेत सोमवार लिहिलेला, म्हणजे खोटेपणाचा आरोप वेगळाच. रविवारी शिफ्ट होती हे दाखवायला त्या दिवसाचं हजेरीपत्रक जपून ठेवावं.

संमतीने नेमलेल्या तज्ज्ञांचं बिल ४ लाख ५० हजार धरलं, तर एकूण ११ लाख १० हजार. त्यातून मालकाचे ३ लाख वजा जाता ८ लाख १० हजार मिळायला हवेत. हेच तज्ज्ञ न विचारता नेमले असते, तर साडेचार लाखांवर वाद सुरू झाला असता.

सूचनेचा नमुना

प्रत्यक्षात सूचना इंग्रजीत जाते. तिचा आशय साधारण असा असावा :

> विषय : पॉलिसी क्रमांक … अंतर्गत सायबर घटनेची सूचना
>
> आमच्या कारखान्यातील सर्व्हरवरील फाइली लॉक झाल्याचे आणि पैशाची मागणी करणारी चिठ्ठी असल्याचे रविवार, २९ मार्च रोजी सकाळी ७.१० वाजता आमच्या लक्षात आले. पॉलिसीच्या सूचनेच्या कलमानुसार हे कळवत आहोत. आमची नेहमीची ईमेल व्यवस्था बाधित असण्याची शक्यता असल्याने ही सूचना संचालकांच्या वेगळ्या पत्त्यावरून पाठवत आहोत. यापुढील पत्रव्यवहार याच पत्त्यावर करावा.
>
> आतापर्यंत उचललेली पावले :
> ७.२५ : सर्व्हर आणि सर्व कॉम्प्युटरच्या लॅन केबल काढल्या, वायफाय व इंटरनेट बंद केले. सर्व्हर चालू ठेवला आहे. (सुपरवायझर)
> ७.४० : चिठ्ठी व फाइलींच्या नावांचे मोबाइलवर फोटो काढले. (संचालक)
> ७.५० : बॅकअपची डिस्क सोडवून कपाटात ठेवली. शेवटचा बॅकअप २५ मार्चचा असल्याची वहीत नोंद आहे. डिस्क अद्याप कुठल्याही कॉम्प्युटरला जोडून तपासलेली नाही. (अकौंटंट)
> ८.१५ : नेट बँकिंग थांबवण्यास बँकेला फोनवर कळवले. (संचालक)
> ८.३० ते ९.३० : स्थानिक इंजिनिअरकडून इतर कॉम्प्युटर वेगळे केल्याची खात्री केली. आकार ६,००० रुपये. हा तातडीचा खर्च मान्य करावा ही विनंती.
> ९.४५ : आपल्या हॉटलाइनला फोन केला. संदर्भ क्रमांक …
> ११.४० : सर्ट-इनला ईमेलने कळवले. पोच क्रमांक …
> १२.३० : पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार दिली. पोच क्रमांक …
>
> न केलेल्या गोष्टी : हल्लेखोरांशी संपर्क केलेला नाही. पैसे दिलेले नाहीत. कुठलीही डिस्क फॉरमॅट केलेली नाही.
>
> आपल्या संमतीची वाट पाहत आहोत : तपासासाठी तज्ज्ञाची नेमणूक आणि नवीन डिस्कवर काम सुरू करणे. डेटा रिकव्हरीसाठी ८५,००० रुपयांचा एक प्रस्ताव आला आहे, तो स्वीकारलेला नाही. मार्चअखेरचा माल अडकल्याने आज उत्तर मिळावे.
>
> अद्याप माहीत नसलेले : शिरकाव कसा झाला, डेटा बाहेर गेला का, एकूण नुकसान किती.
>
> संभाव्य दावे : सर्व्हरवर ग्राहकांची ड्रॉइंग आणि कामगारांचे बँक तपशील होते. त्यांच्याकडून पुढे दावे येऊ शकतात, म्हणून ही परिस्थितीही याच पॉलिसीखाली नोंदवावी.

या नमुन्यातल्या काही ओळींचं कारण समजून घ्यायला हवं.

‘न केलेल्या गोष्टी’ लिहिणं अनेकांना विचित्र वाटतं. पण विमा कंपनीला पहिल्यांदा हेच हवं असतं, आणि त्या दिवशीच लिहून दिलेलं महिन्याभरानंतरच्या तोंडी खुलाशापेक्षा वजनदार ठरतं. अर्थात फॉरमॅट झालंच असेल, तर तेही वेळेसकट लिहायचं. झाकून ठेवलेलं पाऊल तज्ज्ञाच्या तपासात निघतंच, आणि मग यादीतल्या बाकीच्या ओळींवरचाही विश्वास जातो.

बॅकअपची ओळ बघा. ‘आमचा बॅकअप सुरक्षित आहे’ असं तिथं लिहिलेलं नाही, कारण ते कुणी तपासलेलंच नाही. डिस्क सर्व्हरला जोडलेली असताना तिच्यावरच्या फाइलीही लॉक झालेल्या असू शकतात. पॉलिसी घेताना अर्जात ‘नेटवर्कपासून वेगळा बॅकअप आहे’, ‘दुहेरी पडताळणी आहे’ असं काय काय लिहून दिलं होतं, ते विमा कंपनी या वेळी काढून बघते. म्हणून सूचनेत डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहावं. ‘अकौंटंटने चुकून लिंक उघडली’ असले अंदाजही नकोत. ते नंतर चुकीचे निघाले तरी कागदावर राहतात.

‘संभाव्य दावे’ ही ओळ बहुतेक सूचनांत राहून जाते. फाइली लॉक करण्याआधी त्यांची प्रत बाहेर नेणं, ही अशा टोळ्यांची आता नेहमीची पद्धत आहे. समजा, सहा महिन्यांनी पुण्याच्या ग्राहकाने ‘आमची ड्रॉइंग फुटली’ म्हणून नोटीस पाठवली. तोवर नवीन पॉलिसी चालू असेल, आणि ती म्हणेल की ही घटना आमच्या आधीची. पहिल्याच सूचनेत ही शक्यता नोंदवलेली असेल, तर जुन्या पॉलिसीकडे बोट दाखवता येतं.

कुणाला आणि कशी पाठवायची

एजंटला व्हॉट्सअॅप केलं म्हणजे विमा कंपनीला कळवलं, असं धरून चालू नये. पॉलिसीत सूचनेसाठी जो पत्ता दिलेला असतो त्यावरच मूळ ईमेल जायला हवा, एजंट किंवा ब्रोकरला त्याची प्रत. हॉटलाइनला फोन केला तरी त्यानंतर लेखी सूचना पाठवायचीच. रविवारी शाखा बंद असली तरी ईमेलवर रविवारचीच तारीख आणि वेळ पडते. सोमवारी सहीची प्रत स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी. कारखान्याच्या नेहमीच्या ईमेलवरून सूचना पाठवू नये, कारण हल्लेखोर तो खाता वाचत असण्याची शक्यता असते. विम्याची रक्कम किती आहे हे त्यांना कळलं, तर मागणी तिथपर्यंत चढते. हल्लेखोर पॉलिसी शोधतात ते याचसाठी.

सूचना पोचल्यावर क्लेम क्रमांक मागून घ्यावा. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या मास्टर परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो. त्यानंतर जे जे नवीन समजेल ते त्याच क्रमांकाखाली पूरक सूचना म्हणून पाठवत राहायचं. पहिल्या सूचनेतली एखादी वेळ चुकली असेल, तर पूरक सूचनेत उघडपणे दुरुस्त करावी.

उशीर झालाच तर

मुदत उलटून गेली म्हणून गप्प बसू नये. आयआरडीएने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात विमा कंपन्यांना बजावलं आहे की, न टाळता येणाऱ्या कारणाने सूचनेला उशीर झाला असेल, तर केवळ तेवढ्यावरून खरा क्लेम नाकारू नये. सर्वोच्च न्यायालयाने ओमप्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल इन्शुरन्स या २०१७ च्या निकालात त्याच धर्तीवर क्लेम मान्य केला. गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या २०२० च्या निकालात तर ट्रॅक्टर चोरीची सूचना विमा कंपनीला ५२ दिवसांनी मिळाली होती. तरीही पोलिसांत त्याच दिवशी तक्रार झाली होती म्हणून क्लेम टिकला.

पण या निकालांचा आधार जपूनच घ्यावा. दोन्ही प्रकरणं वाहन चोरीची आहेत. तिथं चोरी पॉलिसीच्या काळात झाली, एवढं पुरेसं असतं. सायबर पॉलिसीत कळवणंही त्याच काळात हवं असतं, त्यामुळे पॉलिसी संपल्यावर गेलेल्या सूचनेला ‘थोडा उशीर’ म्हणून सूट मिळेल याचा भरवसा नाही. उशिराच्या सूचनेत कारण आणि त्याचा पुरावा द्यावा, आणि पोलीस व सर्ट-इनला वेळेत कळवलं असेल तर त्या पोचा जोडाव्यात. त्या दिवशी वेळ टाकून लिहिलेली पावलांची यादी हाताशी असेल, तर उशिराच्या प्रकरणातही मांडायला काहीतरी राहतं. ती यादी लिहायला सर्व्हर लागत नाही, डिस्पॅचच्या टेबलावरची वही आणि पेन पुरतं.